कापड गिऱ्हाइकाचं की आपलं?

हातात दहा हजार रुपये आहेत, शिवण चांगलं येतं आणि तालुक्याच्या गावात घराची पुढची खोली मोकळी आहे. एवढ्यावर धंदा सुरू करायचा, तर दोन वाटा दिसतात. येणाऱ्या बायकांचे ब्लाउज शिवून द्यायचे, किंवा स्वतः कापड आणून कुर्ते शिवायचे आणि विकायचे. पहिली वाट सेवेची, दुसरी उत्पादनाची. मशीन तेच, हात तेच, कौशल्यही जवळपास तेच. तरी सहा महिन्यांनी या दोन वाटांवरच्या बायकांची परिस्थिती फार वेगळी असते, आणि त्याचं कारण शिवणात नसून पैशाच्या येण्याजाण्याच्या वेळेत असतं.

घरची माणसं सहसा दुसऱ्या वाटेच्या बाजूने बोलतात. शिलाई म्हणजे मजुरी, आपला माल विकणं म्हणजे धंदा, असं अनेकांच्या मनात पक्कं असतं. मला ही समजूत, निदान भांडवल नसताना, घातक वाटते. का, ते आकड्यांनीच पाहू. दर गावागणिक बदलतात. इथले आकडे हिशेब समजण्यासाठी धरले आहेत, पण तालुक्याच्या बाजारापासून ते फार दूर नाहीत.

दहा हजारांपैकी साडेचार हजारांत जुनं पण चालू स्थितीतलं पायमशीन मिळतं असं धरू. कात्री, टेप, इस्त्री, दोऱ्याची रिळं, हूक, खडू यांना दीड हजार. चार हजार उरले. आता अस्तराच्या ब्लाउजची शिलाई साडेतीनशे रुपये. कापड गिऱ्हाइकाचं, कारण ब्लाउजपीस साडीबरोबरच येतो. शिवणारीच्या पदरचं काय जातं? अस्तर, हूक, दोरा मिळून साधारण सत्तर रुपये. माप घेतानाच दीडशे रुपये आगाऊ घेतले, तर अस्तर गिऱ्हाइकाच्याच पैशातून येतं. ब्लाउज नेताना उरलेले दोनशे. एका ब्लाउजमागे दोनशे ऐंशी रुपये हातात राहतात. पहिल्या महिन्यात ओळखीपाळखीचे वीस ब्लाउज आले, तरी पाच हजार सहाशे रुपये झाले. बाजूला ठेवलेल्या चार हजारांना हातही लागलेला नाही.

आता तेच चार हजार कुर्त्यांत घालू. एका कुर्त्याला अडीच मीटर कापड, नव्वद रुपये मीटरने सव्वादोनशे. बटणं, दोरा, पिशवी, लेबल यांचे पंचवीस. म्हणजे सामानाचेच अडीचशे रुपये, शिवणारीची मजुरी अजून धरलेलीच नाही. चार हजारांत सोळा कुर्ते होतात. पण सोळाही एका मापाचे चालत नाहीत. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल अशी चार मापं, प्रत्येकी चार, त्यातही दोन रंग. गावातल्या कापड दुकानात सहाशेच्या चिठ्ठीने लावले, तर दुकानदार दोनशे ठेवून चारशे देतो. सामान वजा जाता कुर्त्यामागे दीडशे रुपये उरतात. चार-पाच कुर्ते एकदम बेतता येतात म्हणून वेळ ब्लाउजपेक्षा थोडा कमी लागतो, पण मोबदला जवळजवळ निम्म्यावर येतो. दुकान, गल्ला, दारावरून जाणारं गिऱ्हाईक ही सगळी दुकानदाराची मालमत्ता आहे, आणि तिचं भाडं तो त्या दोनशेतून घेतो. त्यात त्याची लबाडी नाही.

खरी अडचण पुढे आहे. नवख्या माणसाचा माल दुकानदार रोखीने घेत नाही, जांगडवर ठेवून घेतो. विकला तर पैसे, नाही विकला तर माल परत. महिनाअखेर नऊ कुर्ते गेले असं धरू. एल आणि एक्सएल लगेच संपले, एक डबल एक्सएल गेला, एमला हातच लागला नाही. नवांचे तीन हजार सहाशे होतात. दुकानदार दोन हजार देतो आणि उरलेले पुढच्या महिन्यात म्हणतो. शिवाय सांगतो, एल-एक्सएल लवकर आणा, विचारणा आहे. वहीत नफा दिसतो तेराशे पन्नास रुपयांचा. हातात मात्र घातलेल्या चार हजारांपैकी दोनच आहेत, आणि त्यात आठ कुर्त्यांचं सामान येतं. माल चालतो आहे, मागणी आहे, आणि मशीन अर्धा महिना बंद आहे. लहान धंदे असेच बंद पडतात. बाहेरून लोक म्हणतात, माल खपला नाही. माल खपला होता, पैसा परत यायला उशीर झाला.

म्हणून या निवडीत मी आधी एकच गोष्ट विचारतो: माल किंवा काम हाती घेतल्यापासून पैसे हाती पडेपर्यंत मधल्या दिवसांत कुणाचा पैसा अडकलेला असतो? ब्लाउजात गिऱ्हाइकाचा. कुर्त्यात शिवणारीचा. धंद्याला सेवा म्हणा की उत्पादन, हे उत्तर महत्त्वाचं. कारण सेवा म्हणवणाऱ्या धंद्यातही हा पैसा आपल्या अंगावर येऊ शकतो.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळी हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवत. ती बाई दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करी. ही सेवाच होती. तिच्याकडे ना दुकान, ना साठवलेला माल. पण जेवणाचे पैसे महिन्याने, पगार झाल्यावर मिळत. तांदूळ, डाळ, रॉकेल, मासळी मात्र रोज लागे. मधला महिनाभर पंधरा माणसांचं अन्न त्या बाईच्या पैशावर शिजत होतं, आणि तिच्याकडे पैसा नसल्याने वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर. वाण्याकडे उधारी असली की भाव करता येत नाही, देईल तो माल घ्यावा लागतो. सावकाराचं व्याज गेल्यावर दिवसरात्र चुलीपुढे बसूनही हातात फारसं काही राहत नसे.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते नेमकं या दुखण्यावर बोट ठेवून. या बायकांना स्वयंपाक शिकवायची गरज नव्हती, गिऱ्हाईकही भरपूर होतं. कमी होता तो फक्त महिन्याभराच्या सामानाचा पैसा. गट करून, एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं गेलं. वाण्याला रोख देता येऊ लागलं आणि सावकार सुटला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि महिनाअखेर पैसे देणाऱ्यांचे पगारच थांबले. आजही डबे देणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, की महिन्याचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला घ्यावेत. नाहीच जमलं तर आठवड्याचे आठवड्याला. तीस दिवसांची उधारी सात दिवसांवर आली, तर त्याच स्वयंपाकाला चौथा हिस्सा भांडवल पुरतं.

शिलाईतही हीच खबरदारी लागते. आगाऊ रक्कम घ्यायला नवख्या बाईला संकोच वाटतो, विशेषतः शेजारणीकडून. पण आगाऊ न घेता शिवलेले ब्लाउज नेले जात नाहीत, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे. लग्न होऊन गेलं, साडी नेसून झाली, दुसरा ब्लाउज चालवून घेतला; आणि शिवलेला ब्लाउज खुंटीवर लटकत राहिला. त्यात शिवणारीचं अस्तर आणि तीन तासांचं काम अडकलं. असे दहा ब्लाउज खुंटीवर असतील, तर तिच्या नकळत तिचं कुर्तेवालीसारखं झालं आहे, फरक इतकाच की हा माल दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही.

सेवेत जोखीम नाही असं कुणी समजू नये. ती वेगळ्या जागी असते. साडीबरोबरचा ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटीमीटरचा, आणि तसा दुसरा बाजारात मिळत नाही. पैठणीचा काठ बाहीवर उलटा लागला, तर शिलाई माफ करून भागत नाही, गिऱ्हाईक आणि तिची जाऊ-नणंद, सगळंच घर जातं. म्हणून जाणत्या बायका काही गोष्टी चुकवत नाहीत. अंगावरच्या मापाबरोबर नीट बसणारा एक जुना ब्लाउज मापाला मागून घेतात. अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून घेतात, कारण सुती अस्तर पहिल्या धुण्याला आटतं आणि वरचं कापड आटत नाही. मग ब्लाउज आतून ओढला जातो. आधी अस्तर बेततात, ते अंगाला लावून पाहतात आणि मगच मूळ कापडाला कात्री लावतात. बाजूच्या शिवणीत माया भरपूर सोडतात, म्हणजे चार महिन्यांनी उसवून सैल करता येतो. पावतीपुस्तकात कापडाचा तुकडा टाचून तारीख लिहितात. पहिल्या वर्षात भारी रेशमी कापड हाती न घेणं हेही शहाणपणाचंच. पाहुणीचं काम परत गेलं तर वाईट वाटतं, पण बिघडलेल्या पैठणीची भरपाई दहा हजारांच्या धंद्याला झेपणारी नसते.

सेवेची खरी मर्यादा मात्र कौशल्याने सुटत नाही. हात दोन आणि दिवस एक. दिवसाला अस्तराचे दोन ब्लाउज, फार तर तीन. आजारी पडलं की मिळकत बंद. लग्नसराईत आणि दिवाळीआधी काम मावत नाही, पितृपक्षात मशीनवर धूळ बसते. दुसरी मर्यादा अवलंबून राहण्याची. ती पाहायची तर इचलकरंजीला जावं. तिथे यंत्रमागधारकांत खर्चीवाले नावाचा मोठा वर्ग आहे. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. मागवाल्याने आपल्या मागावर विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. ती पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या दाटीवर ठरते. सुताचा भाव एका रात्रीत पडला तर फटका व्यापाऱ्याला, खर्चीवाल्याला नाही. कमी भांडवलाच्या माणसाला माग चालवता येतो तो यामुळेच. पण मंदीत व्यापाऱ्याने बीम द्यायचं थांबवलं की माग थांबतो, आणि मजुरीचे पैसे वाढवून मागायचे तर सगळ्यांना मिळून लढावं लागतं. एकाच व्यापाऱ्यावर चालणारी सेवा ही जवळजवळ नोकरीच असते, आणि तीही पगाराची खात्री नसलेली.

शिवणकामात याचा अर्थ असा, की एखाद्या रेडिमेड दुकानाचं कापलेलं कापड आणून नगावर शिवून देण्याचं काम मिळालं तर मंदीच्या महिन्यांत जरूर घ्यावं, पण त्यासाठी घरची गिऱ्हाइकं तोडू नयेत. पन्नास घरांतून येणारं काम कमी-जास्त होतं, एकदम बंद होत नाही.

मग उत्पादनाकडे वळायचं कधी? माझ्या मते, तारीख मागे पडू लागली तरी नाही. तेव्हा आधी दर वाढवावा. ब्लाउजला पंधरा दिवसांची तारीख सांगूनही बायका कापड ठेवून जात असतील, तर साडेतीनशेचे चारशे करायची वेळ आली आहे. काही जणी जातील, ज्या राहतील त्या तेवढ्याच वेळात जास्त पैसे देतील. वाढलेल्या दरातून तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की पुढचा विचार. उत्पादनात घालायचा पैसा असा हवा, जो सहा महिने परत आला नाही तरी घरात कुणाला जाणवणार नाही.

आणि पहिली वस्तू कुठली, हे गिऱ्हाइकांनी आधीच सांगितलेलं असतं. ब्लाउज टाकायला आलेली बाई विचारते, फॉल लावून द्याल का? पिको कराल का? परकर आहे का तयार? फॉलची पट्टी बाजारात घाऊक मिळते. ती आणून ठेवून लावून दिली, तर लावायची मजुरी आणि पट्टीवरचा नफा दोन्ही मिळतात, आणि पैसे साडी नेताना हातात. परकर ही मला शिवणारीसाठी सगळ्यात योग्य पहिली वस्तू वाटते. त्याला नाडी असते, म्हणून उंचीची दोन मापं केली तरी बहुतेकींना होतो. कुर्त्यासारखा मापात अडकत नाही. फॅशन बदलत नाही. कापड खराब होत नाही. अडचण एकच, रंगांची, कारण परकर साडीला जुळावा लागतो. त्यावर उपाय पावतीपुस्तकात आहे. गेल्या सहा महिन्यांत आलेल्या ब्लाउजच्या कापडांचे तुकडे त्यात टाचलेले आहेतच. ते उलटून पाहिले की गावात कुठले रंग जास्त नेसले जातात ते डोळ्यांपुढे येतं. मरून, हिरवा, काळा, गडद निळा, मोतिया अशा पाच-सहा रंगांपासून सुरुवात पुरते. कुर्ते शिवणारीला जी माहिती दुकानदाराकडून, तीही महिन्याने मिळाली, ती ब्लाउज शिवणारीकडे फुकट जमलेली असते. सेवा आधी करण्याचा हा फायदा मला पैशाहूनही मोठा वाटतो.

इथे कुणी म्हणेल, लिज्जत पापड तर उत्पादनातूनच उभा राहिला, तोही ऐंशी रुपये उसने घेऊन. खरं आहे. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी तेवढ्याच उसन्या पैशावर पापड लाटायला घेतले आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकायला दिले. पण त्या ऐंशी रुपयांना काय काय पुरलं ते पाहावं. पापडात उडदाच्या पिठापेक्षा हातांचं काम जास्त, आणि ते काम सातजणींचं स्वतःचं होतं. वस्तू लहान, स्वस्त, महिना-दोन महिने टिकणारी, आणि खाणारं घर ती पुन्हा घेणारच. तरीही पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी घेतली; खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. चार महिने मिळकत नसताना धंदा तगला, कारण तोवर त्या बायकांची घरं केवळ पापडावर चालत नव्हती. थोडक्या पैशात उत्पादन करायचंच, तर वस्तू अशी हवी, जिच्यात सामान थोडं आणि हात जास्त, जी टिकते, आणि जिला मापं-रंग-चवींचे दहा प्रकार लागत नाहीत. पापड आणि परकर यात बसतात. कुर्ता, केक, मेणबत्त्यांचे नवनवे साचे बसत नाहीत.

कर्जाबद्दल थोडंसं. शिंपीकाम केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्के व्याजाचं कर्ज आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. व्हाउचर जरूर घ्यावं. मशीन, इस्त्री, पिको मशीन यांसाठी कर्जही समजू शकतो, कारण मशीन पहिल्या दिवसापासून मिळवून देतं आणि हप्त्याचा अंदाज मापांच्या वहीवरून बांधता येतो. कापडाचे तागे भरण्यासाठी मात्र कर्ज काढू नये. हप्ता दर महिन्याला येतो आणि जांगडचा पैसा दुकानदाराच्या सवडीने.

परकर दुकानात ठेवायचे तेही घरच्या घरी महिन्याला वीस-पंचवीस जाऊ लागल्यावर. तोवर घरी विकलेल्या परकरामागे पूर्ण नफा मिळतो, दुकानदाराचा हिस्सा द्यावा लागत नाही. दुकानात पहिल्यांदा डझनभरच द्यावेत, दोन प्रतींत यादी करून, रंग आणि संख्या लिहून, दुकानदाराची सही घेऊन. दर सोमवारी जाऊन मोजावेत, गेले तेवढ्यांचे पैसे तिथेच घ्यावेत आणि तेवढेच नवे ठेवावेत. तिसऱ्या सोमवारी पैशांऐवजी पुढची तारीख मिळाली, तर उरलेले परकर पिशवीत भरून घरी आणावेत आणि दाराशी, ब्लाउजच्या मापासाठी येणाऱ्या बायकांना दिसतील असे टांगावेत.